एक कापूस, दोन माल : खर्च कोणाच्या माथी?

गेल्या हंगामाच्या शेवटी नांदेडच्या मोंढ्यातून दोन चुलतभाऊ आमच्याकडे आले. दोघांचा कापसाचा शरीकीतला कारोबार. शेतकऱ्यांकडून कापूस घ्यायचा, मजुरी देऊन जिनिंगमध्ये रेचून घ्यायचा, रुई एकीकडे विकायची आणि सरकी तेलवाल्याला द्यायची. आठ वर्षे हे चालले. आता मुले मोठी झाली, दोघांना आपापले वेगळे पाहायचे होते. भांडण नव्हते. उलट वडीलधाऱ्यांसमोर बसून लिहून झाले होते की शिल्लक माल ‘घरात पडलेल्या भावाने’ वाटून घ्यायचा. थोरल्याने रुई घ्यायची, धाकट्याने सरकी. धाकट्याच्या सासुरवाडीकडे तेलघाणा असल्याने त्यालाही ते सोयीचे वाटले.

मुनीमजींनी हिशेब करून कागद पुढे ठेवला तेव्हा धाकट्याचा चेहरा उतरला. बाजारात ३,७५० रुपये क्विंटलने मिळणारी सरकी त्याच्या नावे ७,२७३ रुपये क्विंटलने टाकली होती. तो म्हणाला, “भाईजान, हा माल मला घरात पडलेल्या भावाने मिळतोय की दुप्पट भावाने?” थोरल्याचेही मन साफ होते. तो म्हणाला, “मी काही लिहिले नाही, मुनीमजींनी वजनाने वाटले आहे. वजनापेक्षा खरा हिशेब कोणता?”

आमच्या व्यापारी बंधूंपैकी अनेकांचा असाच समज असतो म्हणून हे प्रकरण येथे मांडत आहोत. दोघांच्या परवानगीने मांडतो आहोत. नावे देत नाही आणि समजायला सोपे जावे म्हणून आकडे १०० क्विंटल कापसाचे व सरळ धरले आहेत. भाव हे उदाहरणाचे आहेत, आजचा बाजार म्हणून कोणी ते वापरू नयेत.

१०० क्विंटल कापूस ७,००० रुपयांनी घेतला. त्याचे ७ लाख झाले. हमाली, गाडीभाडे आणि रेचाईची मजुरी मिळून आणखी २० हजार. म्हणजे यंत्रातून माल बाहेर पडेपर्यंत एकूण ७,२०,००० रुपये गुंतले. यंत्रातून ३५ क्विंटल रुई निघाली, ६४ क्विंटल सरकी निघाली आणि एक क्विंटल धूळ, पाचोळा व उडालेला तंतू यांत गेला.

आता प्रश्न असा की या ७,२०,००० पैकी रुईचे किती आणि सरकीचे किती? खरे उत्तर हे आहे की ते कोणालाच सांगता येणार नाही. शेतकऱ्याने रुई वेगळी आणि सरकी वेगळी विकलेली नाही. रेचणाऱ्याने एकाची मजुरी वेगळी लावलेली नाही. बोंडातून दोन्ही एकत्र आले, यंत्रात एकत्र गेले, आणि दात्यांतून तंतू ओढला गेला त्या क्षणी पहिल्यांदा वेगळे झाले. त्या क्षणाआधीचा सगळा खर्च दोघांचा मिळून आहे. हिशेबाच्या पुस्तकात याला संयुक्त खर्च म्हणतात आणि वेगळे होण्याच्या ठिकाणाला विभाजन बिंदू. आम्ही येथे त्याला नुसता ‘फाटा’ म्हणू. नांदेडहून निघालेल्या रस्त्याला पुढे एक फाटा देगलूरकडे आणि एक भोकरकडे गेला, तर फाट्यापर्यंतचे डिझेल कोणत्या गावाचे, असे विचारण्यासारखेच हे आहे.

तरीही वाटणी करावीच लागते. वर्षअखेर गोदामात माल शिल्लक असतो, त्याला किंमत लावल्याशिवाय नफा ठरत नाही. शरीकदार वेगळे होतात तेव्हाही ती लावावी लागते. तेव्हा प्रश्न खऱ्या खर्चाचा नसून न्याय्य वाटणीचा आहे.

मुनीमजींनी काय केले? एकूण माल ९९ क्विंटल, खर्च ७,२०,०००, भागाकार ७,२७३. प्रत्येक क्विंटलला हाच भाव, मग ती रुई असो की सरकी. गणितात चूक नाही, पण यात गृहीत असे आहे की कापूस विकत घेणारा माणूस सरकीच्या क्विंटलसाठी तेवढेच पैसे मोजतो जेवढे रुईच्या क्विंटलसाठी. असा व्यापारी नांदेडच्या मोंढ्यात एकही सापडणार नाही. कापसाचा भाव बोलताना प्रत्येकजण मनात रुईचा उतारा किती आणि रुईचा भाव काय, हेच धरतो. निजामाच्या काळात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली ती या भागातल्या गावरानी कापसाच्या तंतूच्या भरवशावर. ती मिल बंद पडून जमाना झाला, पण बोली तंतूवरच लागते हा रिवाज तसाच आहे. पैसा ज्याच्यासाठी मोजला, खर्चही त्याच प्रमाणात त्याच्या माथी गेला पाहिजे.

म्हणून वाटणी वजनाने न करता फाट्यावरच्या विक्रीमूल्याने करावी. रुई यंत्रातून निघाली तशी, मोकळी, त्या दिवशी किती रुपयांची होती आणि सरकी निघाली तशी किती रुपयांची होती, हे पाहावे आणि त्या प्रमाणात खर्च वाटावा.

सरकीचे सोपे आहे. ती मोकळीच विकली जाते. ६४ क्विंटल, ३,७५० रुपये, म्हणजे २,४०,०००. रुईत मात्र दोन ठिकाणी घसरायला होते. एक तर रुईचा भाव खंडीत बोलला जातो आणि खंडी म्हणजे ३५५.६२ किलो. सरकी क्विंटलने आणि रुई खंडीने लिहून तसेच प्रमाण काढणारे कागद आम्ही पाहिले आहेत. दुसरे असे की बाजारातला भाव बांधलेल्या गाठीचा असतो. गाठ बांधण्याची मजुरी, पट्ट्या, वरचे कापड हा खर्च फाट्यानंतरचा आहे आणि तो एकट्या रुईचा आहे. सरकीचा त्याच्याशी संबंध नाही. मुनीमजींनी आधी तोही दोघांत वाटायला घेतला होता, ही आणखी एक गोष्ट. गाठीचा भाव खंडीला ५८,३२० धरला तर क्विंटलला सुमारे १६,४०० पडतो. त्यातून बांधणीचे ४०० वजा केले की मोकळ्या रुईची किंमत १६,००० उरते. ३५ क्विंटलचे झाले ५,६०,०००.

दोन्ही मिळून ८ लाख. त्यात रुईचा वाटा ७० टक्के, सरकीचा ३० टक्के. त्याच प्रमाणात ७,२०,००० वाटले तर रुईच्या वाट्याला ५,०४,००० आले, म्हणजे क्विंटलला १४,४००. सरकीच्या वाट्याला २,१६,००० आले, म्हणजे क्विंटलला ३,३७५. रुई १६,००० ला जाते आणि १४,४०० ला पडते. सरकी ३,७५० ला जाते आणि ३,३७५ ला पडते. दोन्हीकडे विक्रीच्या शेकडा १० सुटतात. एका खरेदीतून आलेल्या दोन मालांपैकी एक सोन्याचा आणि दुसरा मातीचा, असा देखावा राहत नाही.

आता या दोघांचा शिल्लक माल पाहू. १० क्विंटल रुई आणि ४० क्विंटल सरकी. बाजारभावाने रुई १,६०,००० ची आणि सरकी १,५०,००० ची, म्हणजे जवळजवळ सारखे वाटे. वजनाच्या हिशेबाने थोरल्याच्या नावे ७२,७२७ पडले असते आणि धाकट्याच्या नावे २,९०,९०९. दीड लाखाचा माल घेऊन धाकट्याच्या खात्यात २,९०,९०९ नावे. विक्रीमूल्याच्या हिशेबाने थोरल्याच्या नावे १,४४,००० आणि धाकट्याच्या नावे १,३५,०००. थोरल्याने कागद दोनदा वाचला आणि मुनीमजींकडे पाहून एवढेच म्हणाला, “मुनीमजी, गेल्या सात वर्षांचे पण असेच आहे का?”

तसेच होते. आणि इथे फक्त भावांच्या वाटणीचा प्रश्न राहत नाही. याच १०० क्विंटलमधली २५ क्विंटल रुई आणि २४ क्विंटल सरकी विकली गेली होती. तिचे ४,९०,००० आले. खरा हिशेब केला तर विकलेल्या मालाचा खर्च ४,४१,००० आणि नफा ४९,०००. वजनाच्या हिशेबात तोच नफा १,३३,६३६ दिसतो. हे जास्तीचे ८४,६३६ आले कुठून? गोदामातल्या ४० क्विंटल सरकीच्या अंगावर तो बोजा टाकून ठेवला होता म्हणून. शिल्लक माल बाजारात ३,१०,००० चा आणि वहीत ३,६३,६३६ चा. ज्या वर्षी सरकी शिल्लक राहिली त्या वर्षी कागदावर नफा फुगला, त्यावर उचल घेतली गेली, करही भरला गेला. पुढच्या वर्षी ती सरकी विकताना तोटा दिसला आणि दोघे म्हणत राहिले की या धंद्यात सरकी बुडवते. कोणाची नियत खोटी नसताना हे सगळे झाले.

आपल्या हिशेबात असे आहे का, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. एका कच्च्या मालातून निघणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक दरवर्षी मोठा नफा दाखवते आणि दुसरी दरवर्षी तोटा, पण दोन्ही मिळून धंदा बरा चालतो, तर वाटणीची पद्धत तपासावी. आणि शिल्लक मालाचा वहीतला भाव बाजारापेक्षा वर दिसला तर ताबडतोब तपासावी.

कोणत्या दिवसाचा भाव धरावा, यावर दोघांत थोडी बोलाचाली झाली. मधल्या काळात रुई ८०० रुपयांनी उतरली होती. थोरल्याचे म्हणणे, आजच्या भावाने प्रमाण काढा. ते बरोबर नाही. खर्च वाटायचा तो माल फाट्यावर आला त्या दिवसाच्या भावाने. एकाच दिवशी सगळा कापूस रेचला नसेल तर प्रत्येक खेपेचा हिशेब त्या त्या दिवसाच्या भावाने करावा किंवा महिन्याचा सरासरी भाव धरावा, पण दरवर्षी पद्धत तीच ठेवावी. पुढे भाव पडला तर त्याची तजवीज वेगळी आहे: पडलेला खर्च आणि आज सुटणारी किंमत यांत जे कमी असेल ते शिल्लक मालाला लावायचे. रुई १५,२०० वर आली तरी १४,४०० पेक्षा वरच आहे, म्हणून तिला हात लावायचा नाही. सरकी ३,२०० वर आली असती तर ३,३७५ ची ३,२०० करावी लागली असती. ही काही आमची मनची पद्धत नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या मालमूल्यांकनाच्या मानकात, म्हणजे हिशेब मानक क्रमांक २ मध्ये, संयुक्त मालाचा खर्च विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटण्याचे उदाहरण दिलेले आहे. २०१६ साली आयकराच्या हिशेबासाठी जी मानके अधिसूचित झाली त्यांतही मालमूल्यांकनाचे तत्त्व हेच आहे.

वाटणीचा आकडा कुठे चालत नाही

हिशेब पटल्यावर धाकट्याने लगेच विचारले, “माझी सरकी ३,३७५ ला पडली. घाण्यावर काढली तर क्विंटलला २५० खर्च. म्हणजे ३,६२५. तेल आणि पेंड मिळून त्याच्या वर गेले की फायदा, बरोबर?”

बरोबर नाही, आणि हे नीट समजून घ्यावे. एक क्विंटल सरकीतून ११ किलो तेल आणि ८४ किलो पेंड निघते असे धरू. तेल किलोला १२०, पेंड किलोला ३५. तेलाचे १,३२० आणि पेंडीचे २,९४०, एकूण ४,२६०. त्याच्या पद्धतीने ६३५ रुपयांचा फायदा दिसतो. पण सरकी तशीच विकली असती तरी ३,७५० मिळालेच असते. घाण्यावर घातल्याने वाढले ते ५१०, त्यासाठी खर्च झाला २५०, म्हणजे घाण्याचा फायदा २६०. बाकीचे ३७५ सरकी तशीच मोंढ्यात विकूनही मिळणारे होते.

आता पेंड ३० रुपयांवर आली असे समजा. पावसाळा चांगला झाला, चारा भरपूर झाला की असे होते. मग तेल-पेंडीचे मिळून ३,८४० होतात. धाकट्याच्या हिशेबात ३,८४० मधून ३,६२५ गेले, २१५ रुपये फायदा. घाणा चालू ठेवावा. खरा हिशेब काय सांगतो? घाण्याचे २५० वजा जाऊन हातात ३,५९०, आणि सरकी तशीच विकली असती तर ३,७५०. प्रत्येक क्विंटलमागे १६० रुपये घाण्यात जळत आहेत आणि वही मात्र फायदा दाखवते आहे. ४० क्विंटलला ६,४०० रुपये.

तेव्हा वाटणीने आलेला ३,३७५ हा आकडा शिल्लक मालाची किंमत लावायला आहे, पुढची प्रक्रिया करावी की नाही हे ठरवायला नाही. ते ठरवताना फाट्याआधीचा खर्च पूर्ण विसरावा. तो दोन्ही बाजूंनी होऊन गेलेला आहे. प्रक्रियेने किती वाढते आणि प्रक्रियेला किती लागते, एवढेच पाहावे. तसेच रुईचा भाव घसरला म्हणून ‘रुई बंद करू, सरकीच ठेवू’ असे कोणाला करता येत नाही, कारण एक हवे तर दुसरे येणारच. कापूस घ्यावा की नाही हे दोघांच्या एकूण किमतीवर ठरवायचे: ८ लाख येणार असतील आणि ७,२०,००० जाणार असतील तर घ्यावा. त्यासाठी वाटणीची गरजच पडत नाही.

चुनीचा हिशेब

याच सुमारास लातूरला जाणे झाले. गंजगोलाईत आमचे एक जुने वाचक आहेत, ते एका डाळमिलवाल्याकडे हिशेबाचे काम पाहतात. त्यांना हा किस्सा सांगितला तर ते म्हणाले, “मग आमच्याकडेही असेच करायचे का? तुरीतून डाळ निघते आणि चुनी-भुसी निघते. विक्रीमूल्याने वाटू?”

येथे थांबून विचार करायला हवा. १०० क्विंटल तुरीतून त्यांच्याकडे ७२ क्विंटल डाळ निघते, २४ क्विंटल चुनी-भुसी निघते आणि ४ क्विंटल घट जाते असे धरू. वजनाने पाहिले तर विक्रीच्या मालातला चौथा भाग चुनीचा आहे. पण चुनी-भुसी जनावरांच्या खाद्याला १,६०० रुपयांनी जाते, बारदाना व हमाली १०० वजा केली की १,५०० सुटतात. २४ क्विंटलचे ३६,०००. डाळ १०,३०० ने ७२ क्विंटल म्हणजे ७,४१,६००. एकूण किमतीत चुनीचा हिस्सा शेकडा पाचसुद्धा भरत नाही. शिवाय चुनीसाठी तूर घेणारा मिलवाला जन्माला यायचा आहे. चुनी ही संयुक्त वस्तू नव्हे, ती उपउत्पादन आहे. सरकीचा हिस्सा ३० टक्के होता, सरकीच्या भावाने कापसाचा भाव हलतो. चुनीच्या भावाने तुरीचा भाव हलत नाही. कुठल्या टक्क्याला रेघ मारायची याचा कायदा नाही. पण वजन पाहून ठरवू नये, किंमत पाहून ठरवावे.

उपउत्पादनाला खर्चाचा वाटा द्यायचाच नाही. उलट त्याची सुटणारी किंमत मुख्य मालाच्या खर्चातून वजा करायची. तूर ७,२०० ने १०० क्विंटल म्हणजे ७,२०,०००, मिलचा खर्च ३०,०००, एकूण ७,५०,०००. त्यातून चुनीचे ३६,००० वजा केले, उरले ७,१४,०००. ७२ क्विंटलने भागले की डाळ क्विंटलला ९,९१७ ला पडली.

आमच्या वाचकांच्या मिलमध्ये चुनीचे पैसे ‘इतर जमा’ या खात्यात जात होते, तेही विकली जाईल तेव्हा. त्यामुळे डाळीचा भाव ७,५०,००० भागिले ७२, म्हणजे १०,४१७ असा लिहिला जात होता. क्विंटलला ५०० रुपयांचा फरक. तो काही कागदी फरक नाही. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने १०,३०० ने मोठी मागणी दिली होती, ती ‘११७ चा तोटा आहे’ म्हणून परत गेली. खरे तर त्यात क्विंटलला ३८३ रुपये सुटत होते. मालक सांगत होते की डाळीत काही राहिले नाही, चुनीवरच मिल चालते. डाळ काढल्याशिवाय चुनी येते कुठून, हे विचारावेसे वाटले. त्यांचे वय पाहून विचारले नाही.

विक्रीच्या दिवशी जमा धरण्याच्या पद्धतीत आणखी एक खोड आहे. मार्च अखेर गोदामात चुनी पडून असेल तर या वर्षीच्या डाळीवर खर्च पूर्ण बसतो आणि चुनीचे पैसे पुढच्या वर्षी फुकटचा नफा म्हणून येतात. म्हणून चुनी निघाली त्याच महिन्यात तिची सुटणारी किंमत डाळीच्या खर्चातून वजा करावी आणि शिल्लक चुनी त्याच किमतीने, म्हणजे १,५०० ने, मालात दाखवावी. अशाने चुनीवर वेगळा नफा उरत नाही. पुढे ती १,४०० ला गेली तर १०० चा फरक तेव्हा लिहावा. भाव मात्र हात राखून धरावा. चुनी ओल धरते, पावसाळ्यात पोती गरम होतात, वास येतो, आणि मग खाद्यवाला निम्म्याने मागतो. मे महिन्याचा भाव लावून जुलैपर्यंत ठेवलेली चुनी वहीत दिसते तेवढ्याची नसते. ज्याची चुनी वर्षाला चार-दोन हजारांची आहे अशा लहान चक्कीवाल्याने एवढी यातायात करू नये, विकेल तेव्हा जमा धरली तरी चालेल. फक्त डाळीचा भाव सांगताना ती मनात वजा करावी.

डाळीचा खंडा मात्र चुनीत ढकलू नये. तो तुटला तरी डाळच आहे, माणसांच्या खाण्याचा माल आहे आणि भाव चुनीच्या कितीतरी वर असतो. त्याला अख्ख्या डाळीबरोबर विक्रीमूल्याने खर्चाचा वाटा द्यावा.

आज जे उपउत्पादन आहे ते उद्याही तसेच राहील असे नाही. आमच्या कुरेशी बंधूंना हे सांगायला नको. एकेकाळी बकऱ्याच्या खरेदीचा भाव करताना कातड्याचे पैसे बोलीत धरले जात, मटणाचा भाव त्यावर हलत असे. कातड्याचा बाजार बसला तशी कातडी मटणाच्या खर्चातून वजा करण्यापुरती राहिली, आणि बकरी ईदच्या दिवसांत तर अनेक गावी ती उचलून नेण्याचाच खर्च अंगावर आला. जी वस्तू विकताना पैसे येत नाहीत, जातात, तिचा तो खर्च मुख्य मालात मिळवायचा, वजा करायचा नाही. जुन्या सवयीने अजून कातड्याचे वीस-पंचवीस रुपये वजा धरून मटणाचा भाव काढणारे दुकानदार आहेत, त्यांचा तेवढा घाटा रोज होतो. दर वर्षी एकदा, हंगाम सुरू होण्याआधी, आपल्या प्रत्येक जोडमालाचा एकूण किमतीतला हिस्सा काढून पाहावा.

जकातीबद्दल एक खुलासा, कारण धाकट्याने तोही विचारला. वरचे पडलेले भाव वहीसाठी आणि करासाठी आहेत. व्यापारी मालाची जकात काढताना त्या दिवशीचा बाजारभाव धरला जातो, त्यामुळे खर्च कसा वाटला याने जकातीत फरक पडत नाही. ४० क्विंटल सरकी त्या दिवशी जितक्याला विकली जाईल तितक्याची. गोदामातली चुनीसुद्धा विक्रीचाच माल आहे, ती मोजायची राहू नये. बाकी तपशील आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावा.

दोघा भावांनी वाटणी १,४४,००० आणि १,३५,००० या आकड्यांवर केली. फरकाचे ९,००० थोरल्याच्या खात्यातून निम्मे धाकट्याकडे वळवले, म्हणजे ४,५००. मागच्या सात वर्षांचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही. त्या सर्व वर्षांत नफा दोघांनी निम्मा-निम्माच घेतला असल्याने एकमेकांकडून घेणे-देणे निघत नाही. पण ज्या वर्षी सरकी जास्त शिल्लक होती त्या वर्षीचा कर जास्त गेला आणि पुढच्या वर्षीचा कमी. जुन्या वह्या घेऊन धाकटा पुढच्या जुम्म्यानंतर येणार आहे.